किती जणींचं रक्त तपासायचं?

‘नमुना आकार 4pq/L² या सूत्राने काढला. L म्हणजे चुकीची मुभा, ती २० टक्के धरली.’ सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या प्रबंधांमध्ये हे वाक्य वारंवार भेटतं. वाचणारा पुढे सरकतो, कारण सूत्र ओळखीचं आहे आणि उत्तर म्हणून एक आकडा खाली दिलेला आहे. पण या वाक्यात दोन वेगवेगळ्या पाहण्या लपलेल्या असू शकतात. रक्तक्षयाचं अपेक्षित प्रमाण ५४ टक्के असेल आणि ‘२० टक्के’ म्हणजे थेट २० टक्केबिंदू असतील, तर सूत्र म्हणतं २५ स्त्रिया पुरेत. त्याच ‘२० टक्के’चा अर्थ ५४चे २० टक्के, म्हणजे १०.८ टक्केबिंदू असा घेतला, तर ८६ लागतात. प्रबंधात शेवटी ८६ लिहिलेले असतात, म्हणजे दुसरा अर्थ घेतला आहे हे गणित उलटं करून कळतं. पण ५४ टक्क्यांवर जवळपास ११ टक्केबिंदूंची मुभा का चालते, याबद्दल अवाक्षर नसतं. आणि खरा प्रश्न तोच आहे.

एखाद्या आजाराचं गावपातळीवरचं प्रमाण मोजायचं असतं, तेव्हा ‘आम्ही एवढ्याच लोकांना का तपासणार आहोत’ हे आधी लेखी सांगावं लागतं. नीतिसमिती ते मागते, अनुदान देणारी संस्था मागते, विद्यापीठ मागतं. हा एक परिच्छेद असतो, फार तर अर्धं पान. त्यात सूत्र असतंच, पण सूत्र हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. त्याला जे आकडे आपण पुरवतो ते कुठून आले, हे सांगणं म्हणजे समर्थन. ते कसं लिहावं हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, पालघर किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यातल्या एका आदिवासी तालुक्यात १५ ते ४९ वयाच्या किती टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे शोधायचं आहे. रक्तक्षय म्हणजे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी; गरोदर बाईसाठी ही सीमा ११ ग्रॅमची. तालुक्यात हजारो स्त्रिया आहेत आणि सगळ्यांना तपासणं शक्य नाही. काही जणींना निवडायचं, त्यांचं रक्त तपासायचं आणि त्यावरून तालुक्याबद्दल बोलायचं.

आता निवड कितीही प्रामाणिक असली तरी नमुन्यातून आलेला आकडा तालुक्याच्या खऱ्या आकड्याच्या थोडा इकडे किंवा तिकडे पडणार. म्हणून आपण एक आकडा सांगत नाही, पट्टा सांगतो: ५४ टक्के, अधिक-उणे ५, म्हणजे ४९ ते ५९. ‘९५ टक्के भरवसा’ याचा अर्थ एवढाच की हीच पाहणी याच पद्धतीने पुन्हा पुन्हा केली, तर दर शंभरातल्या साधारण पंचाण्णव वेळा असा पट्टा खऱ्या आकड्याला आपल्यात सामावून घेईल. पट्टा जितका अरुंद, तितका अंदाज नेमका. नमुना आकार ठरवणं म्हणजे हा पट्टा किती रुंद चालेल ते आधी ठरवणं, आणि मग तेवढ्या नेमकेपणासाठी किती माणसं लागतात ते मोजणं. सूत्र असं आहे:

```
n = 1.96² × p × (1 − p) / d²
```

यात p हे अपेक्षित प्रमाण, d ही दोन्ही बाजूंची मुभा, आणि 1.96 हा आकडा ९५ टक्के भरवशासाठी येतो. 1.96चा वर्ग ३.८४, तो ४ धरला की आपल्याकडच्या प्रबंधांतलं 4pq/L² तयार होतं. दोन्ही एकच.

सगळ्यांची चिंता p बद्दल असते. ‘जे शोधायचं आहे तेच आधी कसं सांगणार?’ हा विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचा धाक नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्रात या वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला; त्याआधीच्या फेरीत तो ४८ टक्के होता. जिल्हावार तक्तेही मिळतात. आपल्या तालुक्यात प्रमाण ६० असेल की ५०, ते ठाऊक नाही, पण इथे त्याने फारसं बिघडत नाही. मुभा ५ टक्केबिंदू धरली तर p = ५० ला ३८५ स्त्रिया लागतात, ५४ ला ३८२, ६० ला ३६९. p आणि (१ − p) यांचा गुणाकार ५० टक्क्यांच्या आसपास जवळजवळ सपाट असतो. म्हणून ‘काहीच माहिती नसेल तर ५० धरा’ असं सांगतात. त्या p ला नमुना सर्वांत मोठा येतो, म्हणजे कमी पडण्याची भीती नाही.

पण हा सल्ला दुर्मिळ आजाराला लावला की घात होतो. सिकलसेलचा आजार एखाद्या वस्तीत १ टक्क्याच्या आसपास असेल आणि मुभा सवयीने ५ टक्केबिंदूच ठेवली, तर पट्टा उणे ४ पासून ६ टक्क्यांपर्यंत जातो. उणे ४ टक्के आजार कोणाला असतो? तिथे मुभा अर्ध्या टक्केबिंदूपर्यंत खाली आणावी लागते, आणि मग १,५२२ माणसं लागतात. काही जण म्हणून p च्या टक्केवारीत मुभा सांगतात, जशी सुरुवातीच्या प्रबंधात होती. त्यात गैर काही नाही, मात्र ती सापेक्ष आहे हे शब्दांत लिहायला हवं. कारण p च्या २० टक्के मुभेने ५४ टक्क्यांच्या आजाराला ८६ माणसं पुरतात, आणि १० टक्क्यांच्या आजाराला, तेच सूत्र, तीच मुभा, ९०० लागतात.

तेव्हा समर्थनाचा गाभा d मध्ये आहे. तो निसर्गात सापडत नाही, आधीच्या पाहणीतून उचलता येत नाही, आणि ‘साधारणपणे ५ टक्के धरतात’ हे त्याचं कारण होऊ शकत नाही. तो येतो तो आपण त्या आकड्याचं पुढे काय करणार आहोत यातून.

आपल्या तालुक्याचंच पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत एखाद्या समूहात रक्तक्षय ४० टक्के किंवा त्याहून जास्त असला, तर तो सार्वजनिक आरोग्याचा गंभीर प्रश्न मानला जातो. २० ते ४० मध्यम, ५ ते २० सौम्य. समजा आरोग्य अधिकाऱ्यांना एवढंच ठरवायचं आहे की हा तालुका ‘गंभीर’ गटात मोडतो की नाही. प्रमाण ५४च्या आसपास अपेक्षित आहे. मुभा १० टक्केबिंदू ठेवली तरी पट्टा ४४ ते ६४ असा येईल, म्हणजे सगळा ४०च्या वरच. या निर्णयाला साध्या सोडतीने निवडलेल्या ९६ स्त्रिया पुरतात. इथे कोणी ३८२ जणींच्या बोटांना सुई टोचत असेल, तर जास्तीच्या जवळपास तीनशे टोचण्यांचा हिशेब त्याने द्यायला हवा.

आता दुसरा हेतू. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमाने रक्तक्षय दर वर्षी ३ टक्केबिंदूंनी कमी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. समजा, तालुक्याला त्याच धर्तीवर तीन वर्षं काम करायचं आहे आणि आजची पाहणी ही पायाभूत नोंद म्हणून हवी आहे. तीन वर्षांत ९ टक्केबिंदूंची घट अपेक्षित. मग १०ची मुभा कामाची नाही. दोन्ही पाहण्यांचे पट्टे इतके रुंद होतील की घट खरी की नमुन्याची लीला, ते सांगता येणार नाही. दोन्ही वेळी मुभा ५ ठेवली, तर दोन आकड्यांमधल्या फरकाची मुभा साधारण ७ होते (५ला दोनच्या वर्गमुळाने गुणायचं, बेरीज करायची नाही). ९ची घट या ७च्या बाहेर पडते, पण थोडक्यात: खरोखर ९ने प्रमाण उतरलं असेल, तर ते दहापैकी सुमारे सात वेळा ठामपणे दिसेल. एवढी खात्री पुरत नसेल आणि तुलना हाच मुख्य हेतू असेल, तर दोन पाहण्यांच्या तुलनेचं वेगळं गणित करायला हवं. ‘पॉवर’ हा शब्द त्या गणितातला आहे. केवळ प्रमाण मोजणाऱ्या पाहणीच्या समर्थनात ‘पॉवर ८० टक्के धरली’ असं लिहिलेलं दिसलं, तर तो परिच्छेद दुसरीकडून उचललेला आहे असं खुशाल समजावं. तिथे तपासायला गृहीतकच नसतं.

आपण ५ टक्केबिंदू निवडू. कारण हाताशी आहे, आणि ते सूत्राच्या आधी लिहायचं. साध्या सोडतीच्या हिशेबाने ३८२.

हे ३८२ तालुका किती मोठा आहे यावर जवळजवळ अवलंबून नाहीत. ‘लोकसंख्येच्या दहा टक्के घ्या’ हा नियम अजून सांगितला जातो, तो निराधार आहे. स्त्रिया वीस हजार असोत की दोन लाख, आकडा हाच. फक्त समूह अगदी लहान असेल, म्हणजे सगळ्या मिळून सहाशेच स्त्रिया असतील, तर दुरुस्तीने तो २३४ पर्यंत उतरतो.

यापुढे कागदावरचं गणित आणि तालुक्यातले रस्ते यांची गाठ पडते. साधी सोडत म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या स्त्रियांची एक यादी आणि त्यातून चिठ्ठ्या. तशी यादी नसते, आणि असली तरी ३८२ नावं शंभर गावांत आणि त्यांच्या पाड्यांवर विखुरतील. म्हणून आधी काही गावं निवडायची, मोठ्या गावाला निवडून येण्याची संधी त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जास्त ठेवायची, आणि निवडलेल्या प्रत्येक गावातून सारख्याच संख्येने स्त्रिया घ्यायच्या.

यात एक किंमत मोजावी लागते. एका गावातल्या स्त्रिया एकमेकींसारख्या असतात. त्यांच्या शेतात तीच पिकं, रेशन दुकान तेच, लोहाच्या गोळ्या देणारी आरोग्यसेविका तीच, आणि उघड्यावर शौचाला जाण्यातून होणारा आकडीजंतांचा त्रासही गावभर सारखा. एका गावातल्या विसाव्या स्त्रीकडून मिळणारी माहिती पुष्कळशी पहिल्या एकोणीस जणींनी आधीच दिलेली असते. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने हा तोटा मोजायला एक गुणक रूढ केला. त्याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. गावातल्या स्त्रिया एकमेकींसारख्या किती, याचा आकडा समजा ०.०५ असेल (० म्हणजे अजिबात सारख्या नाहीत, १ म्हणजे अगदी एकसारख्या), तर दर गावी २० स्त्रिया घेतल्यावर गुणक होतो १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५. आपले ३८२ आता ७४५ झाले.

इथे पुष्कळ समर्थनांमध्ये ‘डिझाइन इफेक्ट २ धरला’ एवढंच असतं. हा २ कुठून आला याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लसीकरण किती मुलांपर्यंत पोचलं हे झटपट पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ‘३० समूह, प्रत्येकी ७ मुलं’ अशी पद्धत रूढ केली. राल्फ हेंडरसन आणि टी. सुंदरेसन यांनी १९८२ मध्ये तिचा अनुभव लिहिला. तिचा हिशेब आपल्यासारखाच आहे: प्रमाण ५० टक्के, मुभा १० टक्केबिंदू, म्हणून ९६, समूहांमुळे दुप्पट, म्हणून १९२, ३० समूहांत वाटले तर सहाच्या वर काहीतरी, म्हणून प्रत्येकी ७, एकूण २१०. लसीकरणासाठी, एका समूहात सातच मुलं असताना, २ हा समंजस अंदाज होता. पुढे ‘३० × ७’ ही जोडी तेवढी लोकांच्या लक्षात राहिली आणि तिच्यामागची १०ची मुभा गळून पडली. आजही २१० जणांच्या पाहणीतून कोणी अर्ध्या टक्क्याच्या फरकावर बोलतं, तेव्हा ही विसरलेली मुभा आठवावी.

गुणक एका गावात किती जणी घेतो यावर अवलंबून असल्याने तो ‘धरायचा’ नसतो, काढायचा असतो. आणि काढला की पाहणीचा आराखडाच बदलतो. दर गावी २० जणी घेतल्या तर ३८ गावं लागतात, एकूण ७६० स्त्रिया. प्रवास वाचवायला दर गावी ४० घेतल्या, तर गुणक २.९५ वर जातो, लागतात १,१२७ स्त्रिया, म्हणजे २९ गावं आणि १,१६०. नऊ गावांच्या खेपा वाचल्या आणि चारशे तपासण्या वाढल्या, नेमकेपणा तेवढाच. पावसाळ्यात ज्या पाड्यापर्यंत जीप जात नाही, तिथे हा सौदा कदाचित परवडेल, एरवी नाही. निर्णय काहीही असो, तो असा मांडून घेतला पाहिजे.

सारखेपणाचा ०.०५ हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. खऱ्या पाहणीत तो त्याच विषयावरच्या, शक्यतो तशाच भागातल्या आधीच्या पाहणीतून घ्यावा. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालांच्या परिशिष्टात नमुन्याच्या त्रुटींचे तक्ते असतात, तिथे DEFT नावाचा रकाना सापडतो. तो डिझाइन इफेक्टचं वर्गमूळ आहे. तिथे १.४ दिसलं तर गुणक साधारण २ असतो, १.४नेच गुणलं, तर नमुना जवळपास तीस टक्क्यांनी कमी पडतो. शिवाय तो गुणक त्या सर्वेक्षणाच्या समूहांच्या आकाराचा असतो. आपले समूह मोठे असतील तर तो तसाच उचलता येत नाही.

त्यानंतर येतात न भेटणाऱ्या स्त्रिया. काही घरी नसतील, काही रक्त द्यायला नाही म्हणतील. समजा १५ टक्के. इथे एक छोटी चूक सर्रास होते: ७४५ला १.१५ने गुणून ८५७ काढतात. ८५७ मधून १५ टक्के वजा केले तर उरतात ७२८, म्हणजे कमीच. भागायला हवं ०.८५ने. आपल्याला दर गावी २० तपासण्या हव्यात, तेव्हा यादीतून २४ नावं काढायची. ३८ गावांत ९१२.

पण ही जास्तीची नावं संख्या भरून काढतात, माणसं नाही. दिवाळीनंतर या तालुक्यांतली कुटुंबं वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीला निघून जातात. जानेवारीत पाहणी केली तर घरांना कुलपं असतील, आणि कुलूप लावून गेलेल्या घरांतली बाई ही बहुधा गावातली सर्वांत गरीब, सर्वांत थकलेली. तिच्या जागी शेजारची तपासली की ७६०चा आकडा पुरा होतो, पट्टाही अरुंद राहतो, आणि तो चुकीच्या जागी असतो. म्हणून समर्थनात १५ टक्के का, हे लिहिताना पाहणी कोणत्या महिन्यात आहे, बंद घराला किती वेळा परत जाणार आहोत, आणि शेजारीण बदली चालणार नाही, हेही लिहावं.

नेमकेपणा आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नमुना वाढवून फक्त पहिली सुधारते. हे आपल्याकडे फार पूर्वी, धान्याच्या बाबतीत लढून सिद्ध झालं आहे. साताऱ्या जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४०च्या दशकात शेतमालाच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्यासाठी पीककापणीच्या पाहण्या करत होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान लहान तुकडे कापण्याकडे होता. तेवढ्याच खर्चात तुकडे जास्त मिळतात आणि अंदाज नेमका होतो. सुखात्म्यांनी दाखवलं की फार लहान तुकड्यांतून उत्पन्न वाढीव दिसतं, कारण सीमेवरचं रोप आत की बाहेर हे ठरवताना कापणाऱ्याचा कल ते आत घेण्याकडे असतो. तुकडे कितीही वाढवा, ही वाढ जात नाही.

रक्तक्षयात सीमेवरचं रोप म्हणजे बोटावरचा थेंब. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोट टोचून, हिमोक्यू नावाच्या हातातल्या यंत्रावर हिमोग्लोबिन मोजलं गेलं. २०१६–१८च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांचं शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा रक्तक्षयाचं प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आलं: लहान मुलांत ४१ टक्के, जिथे बोट टोचून केलेल्या २०१५–१६च्या सर्वेक्षणात ते ५८ टक्क्यांच्या वर होतं. दोन्हींचे वयोगट थोडे वेगळे आहेत, पण फरक तेवढ्याने भरून निघत नाही. बोट दाबून काढलेल्या थेंबात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं, पहिला थेंब पुसायचा राहतो. अशाने पंधरा टक्केबिंदूंची तफावत पडत असेल, तर आपण पाचची मुभा चारवर आणण्यासाठी खर्च करणं व्यर्थ आहे. तो पैसा शिरेतलं रक्त घेणाऱ्या प्रशिक्षित माणसावर आणि नमुना प्रयोगशाळेत थंड पोचवण्यावर घालावा. पायाभूत नोंद आणि तीन वर्षांनंतरची नोंद एकाच पद्धतीने व्हायला हवी, ही अट तर समर्थनातच असली पाहिजे.

आता पैशांबद्दल. पुष्कळदा खरा क्रम उलटा असतो: चारशे तपासण्यांपुरतेच पैसे असतात, आणि मग p आणि d असे निवडले जातात की उत्तर चारशेच्या जवळ यावं. याची लाज वाटायचं कारण नाही, लपवण्याचंही नाही. उलट्या क्रमाने उघडपणे लिहावं: ‘आमच्याकडे ४०० तपासण्यांची सोय आहे, डिझाइन इफेक्ट १.९५ धरता मुभा ६.८ टक्केबिंदू येईल. प्रमाण ५४च्या जवळ असेल तर पट्टा साधारण ४७ ते ६१ असेल, आणि तालुका गंभीर गटात आहे का हे ठरवायला तो पुरेसा आहे. तीन वर्षांनी घट मोजायला मात्र पुरणार नाही.’ परीक्षकाला यात नाकारण्यासारखं काही सापडत नाही.

आणि वेगळे गट. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींचा आकडा स्वतंत्र हवा, असं कोणीतरी शेवटच्या बैठकीत सुचवतं. ७६० स्त्रियांमध्ये त्या शंभर-सव्वाशे असतील, आणि तेवढ्यांत पट्टा दहा टक्केबिंदूंहून रुंद होतो. तो आकडा हेतूंमध्ये लिहायचा असेल, तर त्यांच्यासाठी हिशेब वेगळा करावा लागतो. करायचा नसेल, तर तो हेतूंमध्ये लिहू नये.

हे सगळं आपल्या तालुक्यासाठी लिहिलं, तर परिच्छेद असा होईल:

‘तालुक्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधलं रक्तक्षयाचं प्रमाण ९५ टक्के भरवशाने अधिक-उणे ५ टक्केबिंदूंच्या आत सांगणं हा पाहणीचा हेतू आहे. तीन वर्षांनी याच पद्धतीने दुसरी पाहणी होणार असून ९ टक्केबिंदूंची घट अपेक्षित आहे. दोन पाहण्यांमधल्या फरकाची मुभा सुमारे ७ टक्केबिंदू राहील, म्हणून ५ची निवड केली. अपेक्षित प्रमाण ५४ टक्के धरलं (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९–२१, महाराष्ट्र). ते ५० ते ६० मध्ये कुठेही असलं तरी गरज ३६९ ते ३८५च्या बाहेर जात नाही. साध्या सोडतीने ३८२ स्त्रिया लागतील. दर गावी २० तपासण्या आणि गावांतर्गत साम्य ०.०५ धरता डिझाइन इफेक्ट १.९५, म्हणून ७४५. पूर्ण गावांच्या हिशेबाने ३८ गावं, ७६० तपासण्या. १५ टक्के स्त्रिया भेटणार नाहीत असं धरून दर गावी २४, एकूण ९१२ नावं निवडली जातील. वयोगटवार आकडे केवळ वर्णनापुरते दिले जातील.’

खऱ्या परिच्छेदात ०.०५च्या शेजारी ज्या पाहणीतून तो घेतला तिचं नाव येईल. हा परिच्छेद हातात घेऊन कोणीही कॅल्क्युलेटरवर ३८२ पासून ९१२ पर्यंत पोचू शकतो, आणि जिथे पटलं नाही तिथे बोट ठेवू शकतो.

पाहणी झाल्यावर याच परिच्छेदाशी निकाल ताडून पाहायचा. समजा ७६० ऐवजी ७०० तपासण्या झाल्या, रक्तक्षय ५२ टक्के निघाला, आणि गावागावांतला फरक वाटला होता त्याहून मोठा असल्याने डिझाइन इफेक्ट २.६ आला. मग मुभा ५ नाही, ६ आहे, आणि पट्टा ४६ ते ५८. ठरवलेला नेमकेपणा हुकला, हे अहवालात तसंच लिहायचं, आणि दुसऱ्या पाहणीचा आराखडा २.६ धरून करायचा. पण संगणकाला गावांबद्दल काहीच सांगितलं नाही, तर तो ७०० स्त्रिया साध्या सोडतीने आल्या असं समजून ३.७ची मुभा देतो, पट्टा ४८ ते ५६. हा पट्टा छापला गेला की तो खोटा अरुंद आहे हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही. ओळखायची खूण एकच: नमुना गावागावांतून घेतला असं पद्धतीत लिहिलं आहे, आणि निकालांत डिझाइन इफेक्टचा उल्लेख कुठेच नाही. हे टाळायचं तर विश्लेषणाच्या वेळी गाव हा समूह म्हणून नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी तपासणीच्या प्रत्येक कागदावर, पहिल्या दिवसापासून, हिमोग्लोबिनच्या आकड्याआधी गावाचा क्रमांक लिहिलेला असावा लागतो.